ऐंशी मीटर त्रिज्या

त्या सोमवारी मास्तरांनी बशीतला चहा फुंकत लेकीला सांगितलं, "कालव्यावरचा तुमचा पूल मला ठीक वाटत नाही."

तुमचा म्हणजे रस्ते खात्याचा. लेक त्या खात्यात कनिष्ठ अभियंता होती आणि घरात खड्ड्यांपासून सिग्नलच्या दिव्यांपर्यंत सगळ्याचा जाब तिलाच द्यावा लागे. ती उभ्या उभ्याच टोस्ट खात होती, एका हाताने चपलेचा पट्टा लावत होती.

"आता काय झालं पुलाला?"

"डांबराचा नवा थर टाकल्यापासून माथ्यावर स्टिअरिंग हलकं होतं. हातात काही राहतच नाही. पोटातही गोळा येतो."

"वय झालं की येतो गोळा."

"माझं वय गेली तीस वर्षं तेवढंच आहे. पुलाचं काय ते सांग."

मास्तर म्हणजे मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. निम्म्या गावाने क्लच सोडायला त्यांच्याकडे शिकून घेतलेलं. लाल पाटीवर 'शिकाऊ' लिहिलेली त्यांची पांढरी गाडी दिसली की मागचे लोक कपाळाला हात लावत. मास्तरांच्या गाडीला गोगलगायसुद्धा हॉर्न देते, असं सलूनवाला त्यांच्या तोंडावर म्हणे, आणि मास्तर म्हणत, "गोगलगायीला म्हणावं, डावीकडून ओव्हरटेक करू नकोस."

लेकीला त्या दिवशी साडेनऊला कार्यालयात पोचायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, थर टाकल्यावर मी स्वतः मोजलाय तो पूल. माथ्याची त्रिज्या ऐंशी मीटर आहे."

"म्हणजे काय, ते माणसांच्या भाषेत सांग."

"म्हणजे पुलाची पाठ एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा आहे असं समजा. त्या वर्तुळाची त्रिज्या ऐंशी. गाडी माथ्यावरून वळणाने खाली जाते, त्यासाठी तिला खाली ओढणारं बळ लागतं. ते तिच्या वजनातूनच जातं. उरलेलं वजन रस्त्यावर टेकतं. वेग वाढला की टेकणं कमी. वाढत वाढत शंभरला पोचला की टेकणं शून्य, चाकं सुटली. पन्नासला पाऊण वजन रस्त्यावरच असतं."

"मग हातात का येत नाही?"

"तुम्हाला सवय नाही उंचवट्याची. आणि तीसने काय जाता? बोर्ड पन्नासचा आहे. मागे रांग लागते तुमच्या. पन्नासने जा बिनधास्त."

मास्तरांनी बशी रिकामी केली. "पाऊण वजन," ते म्हणाले. "बरं, इंजिनीअरबाई. लेकीने मोजलाय म्हटल्यावर प्रश्न मिटला."

आई तोवर स्कूलचं टेबल उघडायला खाली गेलेली. हे बोलणं ऐकायला स्वयंपाकघरात तिसरं कुणी नव्हतं. लेकीने पर्स घेतली, दारातून "येते" म्हटलं आणि गेली. संध्याकाळी तिघांनी टीव्हीवर बातम्या पाहिल्या, रिमोटवरून भांडणं झाली, मास्तर खुर्चीतच पेंगले. तो दिवस असा गेला.

मंगळवारी सकाळी मास्तर पलीकडच्या वस्तीतल्या एका विद्यार्थिनीला आणायला निघाले. गाडीत एकटेच होते. समोरच्या उतारावरून एक बाई सायकल ढकलत पूल चढत होती, मागच्या कॅरिअरवर पोतं. पुलाच्या पाठीमुळे ती त्यांना माथ्यावर येईपर्यंत दिसली नाही. मास्तरांनी ब्रेक दाबला, चाक वळवलं. गाडी सरळच गेली. माथा ओलांडल्यावर चाकांनी एकाएकी रस्ता धरला, तेव्हा ती वळलेली होती. गाडी आडवी झाली, कठडा तोडून कालव्यात उलटी पडली. सायकलवाल्या बाईला खरचटलंही नाही.

*

दहाव्या दिवसापर्यंत घरात माणसं येत राहिली. येणारे आधी हळहळत आणि मग आवाज उतरवून विचारत, "पण इतक्या जोरात का होते हो?"

कारण पोलिसांचा अहवाल गावात पोचला होता. माथ्यावर टायरच्या खुणा नव्हत्या, त्या पलीकडे सहा मीटरवर सुरू होत होत्या. चाकं रस्त्यापासून सुटलेली होती, हे वाहतूक निरीक्षकांनी बरोबर ओळखलं. मग चाकं सुटायला किती वेग लागतो, ते त्यांनी रस्ते खात्याला विचारलं. खात्याने तक्ता पाठवला. त्रिज्या ऐंशी मीटर. नऊ पूर्णांक आठ गुणिले ऐंशी, सातशे चौऱ्याऐंशी, वर्गमूळ अठ्ठावीस. सेकंदाला अठ्ठावीस मीटर, म्हणजे तासाला शंभर किलोमीटरच्या किंचित वर. अहवालात लिहिलं गेलं: मयत चालकाने ताशी शंभरहून अधिक वेगाने वाहन चालवले.

सायकलवाली बाई पोलिसांना म्हणाली होती, "गाडी काही वाऱ्यासारखी नव्हती हो." ते वाक्य कुणी लिहून घेतलं नाही.

सलूनवाल्याने विनोद केला नाही, हेच आईला जास्त लागलं. स्कूलच्या टेबलावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "दोन मुली आल्या होत्या सकाळी. म्हणाल्या, घरचे नको म्हणतात, दुसरीकडे शिकू. मी म्हटलं, जा."

"आई, बंद ठेवू थोडे दिवस."

"एकतीस वर्षं हे लोकांना ओरडत आले, हळू, हळू, हळू. आणि स्वतः शंभरने?" आईने वहीचं पान उलटलं, त्यावर काही नव्हतं. "मला सांग, माणूस असा आपल्याच घरात परका निघतो का गं? चाळीस वर्षं राहिले मी ह्यांच्याबरोबर. मला ते शंभर दिसतच नाहीत. पण कागदावर आहेत म्हणतात."

लेकीलाही ते शंभर दिसत नव्हते. आकड्यावर विश्वास ठेवणं हा तिचा धंदा होता, आणि आकडा तिच्याच सहीचा होता. रात्रभर ती दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहत राही: ऐंशी मीटर आणि बाबा. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या.

*

अकराव्या दिवशी ती कार्यालयात हजर झाली आणि खात्याच्या मुकादमाला घेऊन पुलावर गेली. मुकादम पन्नाशी उलटलेला, तोंडात कायम काहीतरी चघळणारा. त्या दिवशी त्याने तोंड रिकामं ठेवलं होतं. सोबत पहिल्या मोजणीतली तीच चार मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी होती. तुटलेल्या कठड्याला लाल-पांढरी फीत बांधली होती. तिने तिकडे पाहिलं नाही.

पद्धत सोपी असते. पट्टी माथ्यावर आडवी ठेवायची, मधोमध टेकवायची. रस्ता दोन्हीकडे खाली उतरत जातो, म्हणून पट्टीची दोन्ही टोकं हवेत राहतात. टोकाखालचं अंतर मोजायचं. त्यावरून त्रिज्या निघते.

मुकादमाने टोकाखाली फूटपट्टी उभी केली. "दहा सेंटीमीटर, बाई."

"दुसऱ्या टोकाला?"

"तेवढेच. मागच्या वेळीही दहाच होते. मी म्हणालो नव्हतो का, चांगला टेंगूळ आलाय म्हणून? ठेकेदाराने सांध्यावर ढीग ओतला आणि रोलर फिरवला."

मागच्या वेळीही दहाच. ती मोजणी बरोबर होती तर. तिने वहीत लिहिलं: लांबी, तिचा वर्ग, भागिले दोन पट उंची. चाराचा वर्ग सोळा. भागिले शून्य पूर्णांक दोन. ऐंशी. पुन्हा ऐंशीच.

ती माथ्यावर उकिडवी बसली. मुकादम पलीकडून येणाऱ्या टेम्पोला हात दाखवत थांबवून उभा होता. पट्टी तिच्या समोर होती, मधोमध टेकलेली. तिने एक टोक बोटाने दाबलं, दुसरं वर गेलं. लहान मुलांच्या सी-सॉसारखं. पट्टी चार मीटरची, पण टेकते त्या जागेपासून टोकापर्यंत किती?

दोन.

त्या सूत्रातली लांबी टेकण्याच्या जागेपासून मोजायची असते. अख्खी पट्टी नाही, अर्धी. दोनाचा वर्ग चार. भागिले शून्य पूर्णांक दोन.

वीस.

त्रिज्या वीस मीटर होती. पुलाची पाठ तिने कागदावर चौपट सपाट करून ठेवली होती. जुन्या नकाशात, थर पडायच्या आधी, ती खरंच ऐंशीच्या आसपास होती. म्हणून आकडा जुळला म्हणत तिने दुसऱ्यांदा पाहिलं नाही. ओळखीचा आकडा होता. तिने त्याला दार उघडलं.

पुढचं गणित तिने केलं नाही, ते आपोआप झालं. वीस गुणिले नऊ पूर्णांक आठ, एकशे शहाण्णव. वर्गमूळ चौदा. सेकंदाला चौदा मीटर. तासाला पन्नास.

"बाई, पाणी देऊ का?"

"टेम्पोला जाऊ दे. हळू जा म्हणावं."

टेम्पो रांगत गेला. ती बघत राहिली, चाकं रस्त्यावर होती.

कार्यालयात परतताच तिने साहेबांना न विचारता पुलाच्या दोन्ही बाजूंना वीसचे फलक लावायचा हुकूम काढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कठडा दुरुस्ती'. संध्याकाळपर्यंत फलक उभे राहिले. ते उभे राहिल्यावर तिला वाटलं, निदान आता दुसरं कुणी जाणार नाही. आणि लगेच वाटलं, निम्मं काम करून मी हात धुतले. तक्त्यातल्या ऐंशीला तिने हात लावला नाही.

असे सोळा दिवस गेले. सोळाही दिवस ती जेवताना आईसमोर बसत होती.

*

फलक लागल्यापासून सतराव्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि नवी मोजणी त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कागद दोनदा वाचला.

"कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

"मग ऐक. मी तुझ्या वडिलांच्या जागी आहे म्हणून सांगतो."

"साहेब, त्या जागी नका राहू."

साहेब नरमाईने म्हणाले, "पोलिसांची फाईल बंद होत आलीय. अपघाताच्या चौकशी समितीची बैठक नावापुरती आहे. टेंगूळ आपण या आठवड्यात खरवडून काढू. पूल सरळ होईल. हा कागद बाहेर गेला तर नोकरी जाईल तुझी, कदाचित खटलाही होईल. गेलेलं माणूस परत येतं का त्याने?"

"त्यांच्या नावावर शंभर लिहिलंय."

"गाव विसरेल. दोन वर्षांत."

"आई नाही विसरणार."

"आणि तुझ्या आईला हे कळलं तर?" साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "नवरा गेला. आता लेकीनेच घालवला असं ऐकायचं तिने? विचार कर. दोघांपैकी कुठलं दुःख तिला झेपेल?"

हाच प्रश्न सोळा दिवस तिने स्वतःला विचारला होता, आणि दर वेळी तिला त्यात आईपेक्षा स्वतःचीच काळजी जास्त दिसली होती. तिने कागद उचलला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. साहेबांना वाटलं, पोरगी समजूतदार निघाली.

*

समितीची बैठक पंचायतीच्या सभागृहात होती. लांब टेबल, पाण्याचे जग, आवाज करणारा पंखा. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, मान किंचित कलती ठेवून ऐकणारे. एका बाजूला वाहतूक निरीक्षक, दुसऱ्या बाजूला साहेब. मयताची पत्नी म्हणून आईला बोलावलं होतं. तक्त्यावर सही असल्यामुळे लेकीलाही. दोघी शेजारी बसल्या. आईने मास्तरांचं लायसन्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. कशासाठी, ते तिलाच माहीत.

निरीक्षकांनी अहवाल वाचला. शंभर हा आकडा तीनदा आला. तिन्ही वेळा आईने मान खाली घातली.

अध्यक्ष म्हणाले, "एक शंका. गाडी लहान होती. हलकी गाडी लवकर उचलली जाते, असं काही असतं का?"

साहेब उत्तर द्यायला सरसावले, पण लेकीच्या तोंडून आधी निघालं, "नाही. वजनाचा संबंध नाही. भरलेला ट्रकही त्याच वेगाला सुटेल. वजन जास्त तर खाली ओढायला लागणारं बळही तेवढंच जास्त. हिशेबात ते दोन्हीकडून कटतं. उरते फक्त त्रिज्या."

"फक्त त्रिज्या." अध्यक्षांनी टिपून घेतलं. मग कागद चाळत थांबले. "मी काल पूल बघून आलो. तुमच्या तक्त्यात त्रिज्या ऐंशी आहे, पन्नासचा फलक योग्य आहे असा शेरा आहे. तिथे मात्र वीसचे फलक आहेत. शेरा योग्य असेल तर वीसचे फलक कुणी लावले?"

"कठडा दुरुस्तीसाठी तात्पुरते," साहेब म्हणाले.

"दुरुस्तीला सुरुवातही झालेली नाही. हुकमावर यांची सही आहे." अध्यक्षांनी लेकीकडे पाहिलं. "तुम्हीच दोन्हीकडे सही केलीत. दोन्ही खरं कसं?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. लेकीने पर्समधून घडी घातलेला कागद काढून टेबलावर सरकवला.

"ऐंशी चूक आहे. वीस आहे. मोजणी बरोबर होती, गणित माझं चुकलं. पट्टी चार मीटरची होती, मी चार धरले. दोन धरायचे होते."

"सोप्या शब्दांत."

"चाकं शंभरला सुटत नाहीत, पन्नासला सुटतात. आणि सुटायच्या आधीच सगळं जातं. अठ्ठेचाळीसला दहावा हिस्साही वजन रस्त्यावर नसतं. वजन नाही तर पकड नाही, ब्रेक दाबून काही होत नाही, चाक वळवून काही होत नाही. स्प्रिंगा पसरतात, त्यामुळे चाक टेकल्यासारखं दिसतं. टेकणं म्हणजे धरणं नव्हे."

निरीक्षक पुढे झुकले. "पण मॅडम, वीस त्रिज्या धरली तरी ते शंभरने गेले नसतील कशावरून? वेग जास्त असला तरी चाकं सुटतीलच की."

"सुटली असती. पण शंभरने सुटलेली गाडी वीस मीटर तरी पुढे जाऊन टेकली असती. तुमच्या पंचनाम्यात खुणा सहा मीटरवर सुरू होतात. ते पन्नासच्या आसपासच होते. सायकलवाल्या बाईंनी तुम्हाला तसं सांगितलं होतं, मी त्यांना विचारलंय."

निरीक्षकांनी पंचनामा उघडला, सहाचा आकडा पाहिला आणि मिटला. त्यांनी वाद घातला नाही. माणूस वाईट नव्हता. खात्याने दिलेल्या आकड्यावर त्याने गणित केलं होतं, आणि ते गणित चोख होतं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"अठरा दिवस झाले."

अध्यक्षांनी तेही लिहून घेतलं. मग साहेबांकडे वळून सांगितलं की अहवालातला वेगाचा परिच्छेद आजच काढला जाईल, पुलाची मोजणी तिऱ्हाइताकडून होईल आणि तोवर वाहतूक बंद राहील. लेकीविषयी काय करायचं ते स्वतंत्र कळवलं जाईल. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्याने तिला बरं वाटलं नाही.

"बाई," ते आईला म्हणाले, "तुमचे यजमान नियमात होते. कागदावर तसं येईल. तुम्हाला काही विचारायचं आहे?"

लेक वाट बघत होती. आई ओरडेल, उठून जाईल, तोंडात मारेल. तिने या प्रत्येकासाठी मनाची तयारी केली होती. आई मात्र समोरच्या कागदावरचा तो वीसचा आकडा पाहत होती. मग ती हळूच, जणू तिथे दुसरं कुणी नाही अशी, लेकीकडे वळली.

"शंभर नव्हते, हे मला माहीतच होतं," ती म्हणाली. "पण पन्नास तरी का? हे त्या पुलावर तीसच्या वर कधी गेले नाहीत. थर टाकल्यापासून तर रांगत जायचे, हातात येत नाही म्हणायचे. त्या दिवशीच पन्नास का गं?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न समितीच्या कामात बसत नव्हता. याचं उत्तर कुठल्या पंचनाम्यात नव्हतं, तक्त्यात नव्हतं, कुणी मागितलंही नसतं. आईनेसुद्धा तो अर्धवट स्वतःलाच विचारला होता, आणि लेक गप्प राहिली असती तर तो तिथेच विरून गेला असता.

लेकीने आईचा हात धरला नाही. तो धरायचा हक्क उत्तरानंतर आहे की नाही, ते आईने ठरवायचं होतं.

"आदल्या दिवशी ते मला म्हणाले होते, पूल नीट नाही," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही. मी मोजलाय म्हटलं. मीच त्यांना म्हटलं, आई, पन्नासने जा."